केबल सोसायटीची, जोडणी ज्याची त्याची

टिळकवाडी, बेळगाव

मा. अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: दोन्ही विंगसाठी सामायिक फायबर केबल टाकण्याचा प्रस्ताव, केबलची मांडणी आणि खर्चाची वाटणी

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत इंटरनेटचा विषय निघाला तेव्हा पाच मिनिटांतच तीन निरनिराळ्या मागण्या एकमेकींत मिसळल्या. कोणाला भिंतीवर लोंबणाऱ्या वायरी काढून हव्या होत्या, कोणाला अठ्ठावीस घरांत मिळून एकच मोठी जोडणी घेऊन बिल वाटून घ्यायचे होते, आणि कोणाला निव्वळ महिन्याचा खर्च कमी करायचा होता. घरी आल्यावर मी या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, दोन तंत्रज्ञांना बोलावून दोन्ही विंगच्या डक्ट उघडून दाखवल्या आणि त्यानंतर हे पत्र लिहायला घेतले. माझा प्रस्ताव एका वाक्यात सांगायचा तर असा की, इमारतीतील फायबर केबल सोसायटीने स्वतःच्या मालकीची एकदाच टाकावी, आणि त्या केबलवरून सेवा कोणाची घ्यायची, किती वेगाची घ्यायची आणि तिचे बिल कसे भरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आजची स्थिती सर्वांना ठाऊकच आहे. प्रत्येक पुरवठादार खांबावरून गच्चीवर वायर आणतो, तिथून ती भिंतीवरून खाली सोडतो आणि खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतो. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत येते, माकडे गच्चीवरच्या वायरी ओढतात, आणि सभासदाने सेवा बंद केली तरी जुनी वायर काढायला कोणी येत नाही. त्याहून वाईट अनुभव गेल्या मे महिन्यात आला. एका पुरवठादाराने ए विंगच्या गच्चीवर स्विच बसवून तिथून बी विंगला तांब्याची वायर नेली होती. वळवाच्या एका संध्याकाळी जवळच वीज पडली, आणि त्या वायरीतून आलेल्या झटक्याने स्विच जळाला, शिवाय चार घरांतील राउटरही निकामी झाले. ती घरे आठ दिवस इंटरनेटशिवाय होती आणि राउटरची भरपाई कोणालाही मिळाली नाही. तांबे वीज वाहून नेते, काच नेत नाही. फायबरच्या बाजूने इतर अनेक गोष्टी सांगता येतील, पण वळीव दरवर्षी येणाऱ्या आपल्या भागात मला हेच कारण सर्वांत मोठे वाटते.

आता एकच मोठी जोडणी घेऊन ती वाटण्याच्या सूचनेविषयी. हिशेब वरवर आकर्षक दिसतो, हे मी मान्य करतो. परंतु पैसे घेऊन दुसऱ्याला इंटरनेट सेवा पुरवायची तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, आणि सोसायटीकडे तो नाही. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. अशा जोडणीची कागदपत्रे सोसायटीच्या, म्हणजे प्रत्यक्षात अध्यक्षांच्या किंवा माझ्या सहीने होतील, आणि अठ्ठावीस घरांतील सगळी वाहतूक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेली दिसेल. उद्या एखाद्या भाडेकरूने ऑनलाइन फसवणूक केली तर पोलीस चौकशीसाठी प्रथम सोसायटीच्या दारात येतील, आणि ते कृत्य कोणत्या घरातून झाले हे सांगण्यासाठी लागणाऱ्या नोंदी आपल्याकडे नसतील. म्हणून प्रत्येक सभासदाचे खाते, ओळखपत्रे आणि बिल स्वतंत्र राहावे, आणि सामायिक असावी ती फक्त निर्जीव केबल, पेट्या आणि पाइप, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही केबल कशी चालते हे थोडक्यात सांगतो, कारण मांडणी आणि खर्च दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. पुरवठादाराच्या केंद्रातील यंत्रातून प्रकाशाचे स्पंद एका केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून निघतात. या तंतूला तंत्रज्ञ ‘कोअर’ म्हणतात. वाटेत ‘स्प्लिटर’ नावाची लहानशी डबी असते, ती एका तंतूतला प्रकाश आठ, सोळा किंवा बत्तीस तंतूंमध्ये वाटते. या डबीला वीज लागत नाही. आरशाने उजेड वळवावा इतकेच तिचे काम. घरात शेवटी एक छोटे यंत्र असते, ते प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतात रूपांतर करते. म्हणजेच इमारतीतील वीज गेली तरी डक्टमधले काही बंद पडत नाही. घरातले यंत्र आणि राउटर एका लहान बॅटरीवर चालत राहिले, तर जोडणीही चालू राहते. या पद्धतीत एका तंतूवर खाली येणारा एकूण वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट असतो आणि तो त्यावरच्या सर्व घरांत वाटला जातो. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने काही उतरवायला घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला साधारण ७८ मेगाबिट येतील. व्यवहारात तसे सहसा होत नाही, कारण निम्म्या घरांत कोणी चित्रपट पाहत असते आणि उरलेल्या घरांत नुसते निरोप येत-जात असतात.

मांडणीचे दोन मार्ग तंत्रज्ञांनी सुचवले. पहिल्यात प्रत्येक मजल्यावर लहान स्प्लिटर बसवायचा आणि तिथून त्या मजल्यावरच्या घरांना केबल द्यायची. यात केबल कमी लागते, पण मजल्यावरचा स्प्लिटर एकाच पुरवठादाराच्या प्रकाशाने भरलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याला दुसऱ्याची सेवा हवी झाली तर पुन्हा नवी वायर आणावी लागते आणि आपण फिरून पहिल्या जागी येतो. दुसऱ्या मार्गात मजल्यांवर काहीच नसते. प्रत्येक घरातून स्वतंत्र केबल थेट तळमजल्यावरच्या पेटीपर्यंत येते आणि स्प्लिटर त्या पेटीतच राहतो. मी दुसऱ्याची शिफारस करतो. यात केबल जास्त लागते हे खरे, पण या कामात केबल ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे ती माणसाची मजुरी आणि पुन्हा पुन्हा डक्ट उघडण्याचा त्रास.

प्रत्यक्षात काम असे होईल. ए विंगमध्ये सोळा घरे आहेत, बी विंगमध्ये बारा, आणि त्याशिवाय सोसायटीचे कार्यालय आणि फाटकावरची पहारेकऱ्याची खोली अशा दोन सामायिक जागा आहेत, त्या बी विंगला जोडता येतील. प्रत्येक विंगच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या खोलीपासून दूर, कुलपाची एक पेटी बसेल. तिथून प्रत्येक घराला दोन कोअरची केबल डक्टमधून वर जाईल. एक कोअर वापरासाठी, दुसरी राखीव. घरात दाराजवळ एक लहान डबी बसेल आणि सोसायटीचे काम तिथे संपेल. ए आणि बी विंगच्या पेट्या जोडण्यासाठी अंगणाखालून सुमारे ४५ मीटर पाइप टाकून त्यातून बारा कोअरची केबल न्यावी लागेल. कोणताही पुरवठादार फाटकाजवळून आपली एक कोअर ए विंगच्या पेटीपर्यंत आणेल. तिथे प्रकाशाचे दोन भाग होतील. एक भाग ए विंगच्या सोळा घरांसाठी वाटला जाईल आणि दुसरा अंगणाखालून बी विंगच्या पेटीत जाऊन तिथे वाटला जाईल. दुसरा पुरवठादार आला तर तो आपला स्प्लिटर त्याच पेटीत शेजारी बसवेल. मग सभासदाने सेवा बदलायची म्हणजे पेटीतली फायबरची एक लहान दोरी एका स्प्लिटरमधून काढून दुसऱ्यात लावायची, इतकेच. भिंतीला हात लावावा लागणार नाही.

केबल निवडताना एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या काळ्या चपट्या फायबर केबलमध्ये मजबुतीसाठी पोलादी तार असते. काच वीज वाहत नाही म्हणून आपण फायबर आणायची आणि तिच्या पोटातून पोलादी तार इमारतभर फिरवायची, यात काही अर्थ नाही. तारेऐवजी काचतंतूंच्या घट्ट काडीने मजबुती दिलेली केबल मिळते, तीच घ्यावी, आणि इमारतीच्या आत जळल्यावर कमी धूर सोडणाऱ्या आवरणाची घ्यावी. शिवाय तंतू जी.६५७.ए२ या प्रकारचा असावा. हे नाव केबलवर छापलेले असते. हा प्रकार साधारण साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सहन करतो. साध्या प्रकाराला तीस मिलिमीटर लागतात, आणि आपल्या डक्टमधले कोपरे तेवढे उदार नाहीत.

सोळा आणि आणखी दोन वाट्या झाल्यावर घरापर्यंत प्रकाश पुरेल का, असा प्रश्न एका सदस्यांनी विचारला होता, आणि तो अगदी योग्य होता. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात, आणि तीन डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, एवढे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब घरखर्चासारखा सोपा होतो. केंद्रातील यंत्र साधारण अधिक ३ ने सुरुवात करते असे धरू. केंद्र चार किलोमीटरवर असेल तर काचेत १ जाईल. दोन भाग करताना साडेतीन जातील, सोळा भाग करताना १४ जातील. जोडण्यांच्या टोकांत मिळून सव्वाच्या आसपास आणि वितळवून केलेल्या जोडांत किरकोळ, असे दोन्ही मिळून दीड धरू. एकूण खर्च २० झाला, म्हणजे घरात उणे १७ पोहोचले. घरातले यंत्र उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचू शकते, म्हणजे आपल्या हातात १० शिल्लक राहतात. ही शिल्लकच पुढच्या वीस वर्षांची खरी ठेव आहे, कारण धूळ, वळणे आणि दुरुस्तीचे नवे जोड तिच्यातूनच खर्च होतात.

त्या शिल्लकीला गळती कुठे लागते हेही आधीच माहीत असावे. तंत्रज्ञांच्या सांगण्यानुसार बहुतेक तक्रारी दोनच कारणांच्या असतात. एक म्हणजे दाबली गेलेली किंवा तीव्र वळलेली केबल: डक्टच्या दारात अडकलेली, कपाटामागे चिमटलेली, किंवा कोणीतरी प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली. दुसरे म्हणजे टोकावरची घाण. बोट लागलेल्या टोकावरचा तेलकट थरही प्रकाश अडवतो, म्हणून टोक उघडले की ते आधी पुसूनच लावायचे असते. यात रंगाचीही एक गंमत आहे. हिरव्या टोकाची काच आठ अंश तिरपी घासलेली असते आणि निळ्या टोकाची सरळ, त्यामुळे हिरवे निळ्यात घातले तर ते बसल्यासारखे दिसते, पण मध्ये फट राहून बराच प्रकाश वाया जातो. आपल्या सर्व डब्या हिरव्याच असतील, असे कंत्राटात लिहावे.

सभासदाला दोष ओळखणे अवघड नाही. घरातल्या यंत्रावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली आहे, सुटली आहे किंवा पुरवठादाराकडे बिघाड आहे. तो दिवा लागलेला नाही, तरी वेग वारंवार पडतो, असे असेल तर यंत्राच्या सेटिंगच्या पानावर `Rx Power` नावाचा, म्हणजे घरात पोहोचलेल्या प्रकाशाचा, आकडा पाहावा. तो बसवण्याच्या दिवशी उणे १७ होता आणि आज उणे २६ असेल तर केबल कुठेतरी दाबली गेली आहे किंवा टोकावर घाण आहे. आकडा जसाच्या तसा असेल तर दोष केबलचा नसून वायफायचा किंवा पुरवठादाराचा आहे. या एका तपासणीने निम्मी भांडणे मिटतील असे मला वाटते. मात्र सुटलेल्या टोकात डोळा लावून कोणीही पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो डोळ्याला अपायकारक ठरू शकतो. लहान मुलांच्या घरी हे विशेष सांगावे.

आता खर्च. मिळालेल्या दोन दरपत्रकांपैकी ज्यात वरील प्रकारची केबल आहे त्याचेच आकडे देतो. घरटी सरासरी ३० मीटर केबल, भिंतीवरची डबी, दोन्ही टोकांचे चार जोड आणि मजुरी मिळून एका जागेचा खर्च ₹२,२९० येतो, म्हणजे तीस जागांचा ₹६८,७००. अंगणाखालचा पाइप, खोदाई, फरशा पूर्ववत बसवणे आणि बारा कोअरची केबल यांना ₹१३,८००, तिच्या दोन्ही टोकांच्या चोवीस जोडांना ₹३,६००, आणि कुलपाच्या दोन पेट्यांना ₹१४,०००. बेरीज ₹१,००,१०० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ₹१,१८,११८ होतात. डक्टमध्ये जुने सिमेंट फोडावे लागण्याची शक्यता आहे, म्हणून थोडी जास्त तरतूद करून एकूण ₹१,३०,००० मंजूर करावेत, अशी विनंती आहे.

वाटणीबाबत मी बराच विचार केला, कारण लिफ्टच्या दुरुस्तीच्या वेळचा वाद अजून कोणी विसरलेले नाही. आपली देखभाल वर्गणी घराच्या क्षेत्रफळावर आहे, पण फायबरला ते माप लागू होत नाही. एका खोलीच्या घराला आणि तीन खोल्यांच्या घराला एकच केबल आणि एकच डबी लागते. मजल्यानुसार आकारणी करावी असेही कोणी म्हणेल. पहिल्या आणि चौथ्या मजल्याच्या केबलीत वीस-पंचवीस मीटरचा फरक पडतो, आणि ₹१८ प्रतिमीटर दराने तो साडेतीनशे-साडेचारशे रुपयांचा होतो. तेवढ्यासाठी अठ्ठावीस वेगळे आकडे काढून अठ्ठावीस हरकती ओढवून घेऊ नयेत. म्हणून खर्चाचे दोनच भाग करावेत. घरापर्यंतच्या जागेचा खर्च जीएसटीसह ₹२,७०२ होतो, तो प्रत्येक घरमालकाने समान भरावा. पेट्या, अंगणाखालची केबल, कार्यालय आणि पहारेकऱ्याची खोली यांचा खर्च आणि ती जास्तीची तरतूद मिळून सुमारे ₹५४,३५० होतात, ते दुरुस्ती निधीतून द्यावेत. सगळाच खर्च घरांवर वाटला असता तर घरटी ₹४,६४३ आले असते.

बंद असलेल्या घरांचा प्रश्न उरतो. आपल्याकडे काही मालक पुण्यात किंवा गोव्यात असतात, दोघे सैन्यात आहेत. ‘आम्हाला इंटरनेट नको’ असे ते म्हणू शकतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते चूक नाही. तरीही केबल एकाच वेळी सर्व घरांपर्यंत टाकावी, कारण नंतर एका घरासाठी तंत्रज्ञ, जोडयंत्र आणि मजूर पुन्हा बोलावणे याच रकमेत बसणार नाही. केबल घराला कायमची जोडली जाते, म्हणून पैसे भाडेकरूने नव्हे तर मालकाने द्यावेत, आणि एकरकमी जड वाटत असेल त्यांना तीन महिन्यांच्या वर्गणीबरोबर हप्त्याने देण्याची सवलत असावी. हा सर्वांवर बंधनकारक खर्च असल्यामुळे समितीच्या मंजुरीवर न थांबता तो सर्वसाधारण सभेत ठरावाने संमत करावा, आणि सभेची सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही काढावी, म्हणजे नंतर कोणी ‘मला समजले नव्हते’ असे म्हणणार नाही.

पुरवठादारांशी करार करताना तीन अटी ठेवाव्यात. कोणालाही एकाधिकार द्यायचा नाही, मग त्याने सुरुवातीला कितीही मोफत देऊ केले तरी. पेटीची किल्ली सोसायटीकडे राहील आणि कोणती कोअर कोणत्या घराची हे लिहिलेली वही पेटीतच राहील. तंत्रज्ञाने काम केले की त्यात तारखेसह नोंद करायची. आणि आपण त्यांच्याकडून केबलचे भाडे घ्यायचे नाही, कारण भाडे घेऊ लागलो की आपण पुन्हा परवान्याच्या प्रश्नाकडे जातो. केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराची शेवटची वीस टक्के रक्कम मात्र, प्रत्येक कोअरची मोजणी आमच्यासमोर होऊन पेटीपासून घरापर्यंतची घट एक डेसिबलच्या आत असल्याचा तक्ता हाती येईपर्यंत, राखून ठेवावी.

या योजनेने महिन्याचे बिल निम्मे होईल, असे मी कोणालाही सांगितलेले नाही आणि आपणही सांगू नये. एकत्र बोलणी केल्यास बसवण्याचा खर्च माफ होऊ शकतो, क्वचित थोडी सूट मिळेल, त्याहून अधिक नाही. घराच्या आतल्या खोल्यांत वायफाय पोहोचत नसेल तर तो प्रश्नही फायबरने सुटणार नाही.

अंगणातील खोदाई जूनच्या पावसाआधी उरकली पाहिजे, नाहीतर पाइपमध्ये चिखल जाईल आणि फरशा खचतील. म्हणून येत्या बैठकीत दरपत्रकाला तत्त्वतः मंजुरी, सर्वसाधारण सभेची तारीख आणि कामावर देखरेखीसाठी प्रत्येक विंगमधून एक सदस्य, एवढ्या तीन गोष्टी ठराव्यात. दोन्ही दरपत्रके आणि डक्टचे हाताने काढलेले नकाशे कार्यालयात ठेवले आहेत. संध्याकाळी सात ते आठ या वेळेत मी तिथे असतो.

आपला,
सचिव